कॅमेरा सुरू करण्याआधीचे पाच प्रश्न

गुजरातेतील 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले आणि 10 लाखांत एक चित्रपट उभा राहिला. 1976 साली आलेल्या ‘मंथन’ची ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. श्याम बेनेगल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड यांच्या भूमिका यांची चर्चा आजही होते. 2024 साली त्याची डागडुजी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. मात्र हा चित्रपट चित्रपटगृहांतून उतरल्यानंतर काय झाले, ते सहसा सांगितले जात नाही. डॉ. वर्गीस कुरियन यांनी त्याच्या 16 मिलिमीटरच्या प्रती काढून घेतल्या आणि त्या देशाच्या इतर भागांतील खेड्यांत पाठवल्या. प्रतीबरोबर माणसेही जात: जनावरांचा डॉक्टर, दुधाचा जाणकार, चाऱ्याचा जाणकार. गावाने चित्रपट पाहायचा आणि मग आपल्याकडे दूध संस्था कशी काढायची, हे समोर बसलेल्या माणसांना विचारायचे.

कुरियन यांना काय हवे होते, हे यातून स्पष्ट दिसते. चित्रपट पाहून झाल्यावर गावाने सहकारी संस्था काढावी, हा त्यांचा हेतू होता. पैसा कुठून आणायचा, पडद्यावर कोण दिसणार, तो कुठे आणि कुणासोबत दाखवायचा, ही सगळी उत्तरे त्या हेतूशी जोडलेली होती. आज खिशातल्या फोनमध्ये त्या काळच्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा कॅमेरा आहे. त्यामुळे चित्रीकरण आधी आणि विचार नंतर, असा क्रम सहज लागतो. शाळा, पतसंस्था, बचत गट, दवाखाने, ग्रामपंचायती, सगळ्यांना ‘एक व्हिडिओ’ हवा असतो. तो कशासाठी, हे बऱ्याचदा संकलकाच्या टेबलावर विचारले जाते आणि तोपर्यंत निम्मे पैसे संपलेले असतात.

हे प्रश्न कसे सोडवायचे, हे एका छोट्या कामावरून पाहता येईल. लातूर जिल्ह्यात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, असे समजू. बारा गावांत तिचे सभासद आहेत, बहुतेकांचे खरिपाचे पीक सोयाबीन. कंपनीच्या संचालकांच्या बैठकीत ठरते की, ‘सोयाबीनवर एक चांगला व्हिडिओ करू या.’ हाताशी 60 हजार रुपये आहेत.

‘सोयाबीनवर’ हा झाला विषय. हेतू अजून ठरलेला नाही. हे वाक्य असेच राहिले तर काय होते, ते अशी कामे करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. जमिनीच्या मशागतीपासून सुरुवात होते, मग वाण, बीजप्रक्रिया, खत, तण, कीड, काढणी, बाजारभाव, मध्ये एखाद्या योजनेची माहिती, सुरुवातीला अध्यक्षांचे मनोगत आणि शेवटी आभार. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो आणि तो पाहून उठलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळे काय करील, हे कुणालाच सांगता येत नाही.

हेतू ठरवायचा तर एक वाक्य पूर्ण करावे लागते: हा व्हिडिओ पाहिल्यावर अमुक माणूस अमुक काम अमुक वेळेच्या आत करील. लातूरच्या या कंपनीसाठी ते वाक्य असे होऊ शकते: घरचे बियाणे वापरणारा सभासद पेरणीच्या आधी, मे महिन्यात, आपल्या बियाण्याची उगवणशक्ती घरीच तपासून पाहील. या विषयाची निकड महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. 2020 च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली होती. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. मळणीत, पोती आपटण्यात आणि थप्पी लावून ठेवण्यात आतला कोंब दुखावतो. वरून दाणा चांगला दिसतो, पण जमिनीत गेल्यावर उगवत नाही.

तपासणी मात्र साधी आहे. न निवडता 100 दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी 75 किलो, म्हणजे एकरी 30 किलो बियाणे पुरते. उगवण त्याखाली गेली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे, फारच कमी आली तर ते बियाणे पेरायचेच नाही. एवढाच या व्हिडिओचा ऐवज आहे. खत, कीड, बाजारभाव यांतले काही त्यात येणार नाही.

हे वाक्य लिहून झाले की त्याचा पहिला परिणाम कॅलेंडरवर होतो. व्हिडिओ मेच्या पहिल्या आठवड्यात गावांत पोचला पाहिजे. मग संकलन एप्रिलच्या शेवटी पुरे व्हायला हवे, चित्रीकरण एप्रिलच्या मध्यावर आणि संहिता मार्चअखेर. एप्रिलमध्ये शेत मोकळे असते. पेरणीचे किंवा हिरव्या पिकाचे एकही दृश्य त्या महिन्यात मिळणार नाही. ते हवेच असेल तर आधीच्या खरिपात कुणीतरी टिपलेले असले पाहिजे, नाहीतर संहिता त्याच्याशिवाय लिहावी लागते. ऋतूशी बांधलेल्या विषयांत ही चूक फार होते. बैठक जूनमध्ये होते, व्हिडिओ ऑगस्टमध्ये येतो, आणि ज्या कामासाठी तो केला ते काम त्या वर्षी होऊन गेलेले असते.

दुसरा प्रश्न प्रेक्षकाचा. ‘शेतकरी’ हे त्याचे उत्तर पुरेसे नाही, कारण त्या एका शब्दात ट्रॅक्टर आणि शंभर पोती असलेला बागायतदारही येतो आणि दोन एकरांवर कोरडवाहू करणारी विधवा बाईही. या बाबतीत भारतात झालेला एक प्रयोग फार शिकवणारा आहे. 2006 साली बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकीन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल ग्रीन’ नावाचे काम सुरू केले. सोबतीला कर्नाटकातली ग्रीन फाउंडेशन ही संस्था होती. बाहेरच्या तज्ज्ञाचे व्याख्यान टिपण्याऐवजी गावातल्याच शेतकऱ्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करायचे, त्यांच्याच शेतात काम करताना चित्रण करायचे आणि ते शेजारच्या गावांत छोट्या गटांना दाखवायचे, अशी त्यांची रीत होती.

तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. व्हिडिओ सुरू झाला की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असे: हा माणूस कोण, कुठल्या गावचा? त्याची जमीन, त्याची परिस्थिती आपल्यासारखी आहे असे वाटले तर लोक पुढचे ऐकत. तो आपल्यापेक्षा फार वरचा किंवा वेगळा वाटला तर त्याचे काम ‘त्याला परवडते’ म्हणून बाजूला पडे. सोळा गावांत घेतलेल्या चाचणीत नेहमीच्या कृषी विस्ताराच्या तुलनेत काही पद्धतींचा स्वीकार सुमारे सातपट वाढलेला आढळला. एका शेतकऱ्याने पद्धत स्वीकारण्यामागे येणाऱ्या खर्चाचा हिशेब केला तर व्हिडिओची ही रीत दहापटीने स्वस्त ठरली. या यशाचे श्रेय चित्रणाच्या दर्जापेक्षा पडद्यावर कोण आहे आणि खोलीत कोण बसले आहे, या दोन निर्णयांना द्यावे लागते.

लातूरच्या कंपनीला यातून नेमके निर्णय घेता येतात. कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना बोलावण्याचा मोह होईल, पण त्यांचा उपयोग संहिता तपासून घेण्यासाठी अधिक आहे. कॅमेऱ्यासमोर मात्र चार-पाच एकरांचा, बारा गावांपैकीच एका गावचा सभासद हवा, ज्याने गेल्या वर्षी ही तपासणी खरोखर केली आहे. त्याचे नाव आणि गाव पहिल्या दहा सेकंदांत ऐकू यावे.

आणखी एक बाब इथे सुटून जाते. बऱ्याच घरांत बियाणे पाखडणे, निवडणे, साठवणे हे काम बायका करतात. पेरणीचा निर्णय पुरुषाच्या नावावर असला तरी गोणपाटावर दाणे मांडणारे हात बहुधा घरधनिणीचे असतील. मग पडद्यावर नवरा-बायको दोघे असलेले बरे, आणि व्हिडिओ दाखवायची वेळ व जागा बायकांना येता येईल अशी ठेवणे भाग आहे. भाषेचाही निर्णय इथेच होतो. ‘बीजांकुरण क्षमता चाचणी’ असे निवेदनात आले की अर्धा प्रेक्षक हरवतो. ‘बियाणं किती उगवतंय ते बघा’ म्हटले की सगळ्यांना कळते.

लांबीच्या प्रश्नावर मते फार असतात, तपासलेली माहिती कमी. या विषयावरचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. ‘एडएक्स’ या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांचे व्हिडिओ विद्यार्थी कसे पाहतात, याची 69 लाख नोंदींवरून त्यात छाननी केली होती. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थ्यांच्या पाहण्याच्या वेळेचा मध्य सहा मिनिटांच्या वर गेला नाही. त्याच अभ्यासात असेही दिसले की, भारी खर्चाच्या स्टुडिओत केलेल्या चित्रणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोलत असलेले व्हिडिओ लोक अधिक वेळ पाहतात.

मात्र तो सहा मिनिटांचा आकडा उचलून सगळीकडे लावणे चुकीचे ठरेल. तो एकट्याने, पडद्यासमोर, हवे तेव्हा बंद करता येणाऱ्या शिक्षणाचा आकडा आहे. डिजिटल ग्रीनचे व्हिडिओ साधारण आठ ते दहा मिनिटांचे असत आणि ते चालत, कारण ते गटात पाहिले जात. गावातलाच एक प्रशिक्षित माणूस मध्ये थांबवून विचारी, ‘आता यांनी काय केले? आपल्याकडे हे कसे करता येईल?’ दहा मिनिटांचा व्हिडिओ त्यामुळे तासाभराची बैठक होई. आणि मंथन तर दोन तासांपेक्षा मोठा आहे, तरी खेड्यांनी तो बसून पाहिला, कारण ती गोष्ट होती. म्हणून ‘लोक आजकाल किती वेळ बघतात?’ असे विचारण्यापेक्षा सांगायच्या कृतीला किती वेळ लागतो आणि पाहणारा कुठे, कुणाबरोबर बसला आहे, हे विचारले तर लांबी ठरवता येते.

उगवणशक्तीच्या तपासणीत सात-आठ पायऱ्या आहेत. दाणे कसे घ्यावेत, ओळी कशा मांडाव्यात, गुंडाळी किती घट्ट, पाणी किती, कुठे ठेवायची, कधी उघडायची, कोणता कोंब मोजायचा आणि कोणता सोडायचा, शेवटी हिशेब. यातल्या दोन पायऱ्या अडखळण्याच्या आहेत. लोक नकळत टपोरे दाणे निवडतात आणि निकाल फुगतो; आणि वेडावाकडा, तुटका कोंबही उगवला म्हणून मोजतात. या दोन ठिकाणी व्हिडिओने थांबायला हवे, चांगला आणि वाईट कोंब शेजारी शेजारी ठेवून जवळून दाखवायला हवा. बाकीच्या पायऱ्या पटापट जाऊ शकतात. असा हिशेब मांडला की लांबी पाच मिनिटांच्या आसपास येते.

मराठी निवेदन सहज कळेल अशा वेगाने वाचले तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द बसतात. म्हणजे पाच मिनिटांत फार तर 600 शब्द. पण इथे हात काम करत असताना निवेदकाने गप्प राहायचे आहे, म्हणून संहिता 350 शब्दांपलीकडे जाऊ नये. हा आकडा आधी ठरला की बैठकीत ‘हेही घाला’ म्हणणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाते: घालू, पण त्याच्या बदल्यात कोणते तीस शब्द काढायचे?

प्रत्यक्ष चित्रीकरण जवळ आले की चौथा प्रश्न समोर येतो: हे लोक पाहणार कुठे? ‘यूट्यूबवर टाकू आणि व्हॉट्सअॅपवर फिरवू’ हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की त्यात दोन वेगळे निर्णय दडलेले असतात हे लक्षात येत नाही. यूट्यूबचा नेहमीचा व्हिडिओ आडवा असतो, 16 बाय 9 च्या मापाचा. शॉर्ट्स, रील्स, स्टेटस हे उभे, 9 बाय 16. ‘आडवे घेऊ, नंतर उभे कापू’ असे संकलकाला सांगितले जाते. 1920 बाय 1080 च्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर रुंदी जेमतेम 608 पिक्सेल उरते, म्हणजे चित्राचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग. गोणपाटावरच्या दहा ओळींपैकी तीन-चार ओळी दिसतील, आणि नवरा-बायको शेजारी बसले असतील तर दोघांपैकी एक चित्राबाहेर जाईल. उभा व्हिडिओ हवा असेल तर त्यातली चार-पाच महत्त्वाची दृश्ये त्याच दिवशी फोन उभा धरून वेगळी टिपावीत. दहा मिनिटांचे काम असते; पण ते आधी ठरलेले असले तरच होते.

वजनाचाही विचार हवा. चांगल्या दर्जाचा आडवा व्हिडिओ सेकंदाला 8 मेगाबिटच्या दराने साठवला तर एका मिनिटाला 60 एमबी होतात, पाच मिनिटांना 300. एवढी फाइल गटावर पाठवली की ती दाबून लहान केली जाते आणि पडद्यावरची बारीक अक्षरे पुसट होतात. ‘70 दाणे’ हा आकडा सहा इंचांच्या, उन्हात धरलेल्या फोनवर वाचता आला पाहिजे. म्हणजे तो चित्राच्या मध्यावर, मोठ्या टायपात हवा. उभ्या व्हिडिओत तर खालच्या पट्टीवर शीर्षक आणि बटणे येऊन बसतात, तिथे लिहिलेले झाकले जाते.

लातूरच्या उदाहरणात मात्र मुख्य ठिकाण फोन नसावे, असे या हेतूकडे पाहिल्यावर वाटते. तपासणी करायला लावायची तर लोकांच्या शंका विचारल्या जायला हव्यात, आणि त्या गटात बसल्यावरच निघतात. म्हणून पाच मिनिटांचा आडवा व्हिडिओ बारा गावांत प्रोजेक्टरवर, आणि पन्नास सेकंदांचा उभा तुकडा फोनवर, तोही फक्त आठवण द्यायला: ‘गुंडाळी आज ठेवा, सात दिवसांनी उघडा.’ गावात प्रोजेक्टर लावायचा म्हटले की वेगळेच प्रश्न उभे राहतात. मे महिन्यात उजेड सात वाजेपर्यंत असतो. उघड्यावर पडदा साडेसातनंतरच दिसेल. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून बॅटरी सोबत हवी. आवाजासाठी वेगळा स्पीकर लागतो, कारण प्रोजेक्टरचा आवाज तिसऱ्या ओळीपलीकडे जात नाही. दर गावात दाखवणारा माणूस आधी स्वतः ती तपासणी करून गेलेला असावा आणि हातात उघडलेली एक गुंडाळी घेऊन जावा.

आता पैसे. अंदाजपत्रक सगळ्यात शेवटी येते ते अशासाठी की आधीच्या चार उत्तरांशिवाय त्यात आकडे भरताच येत नाहीत. पण ते भरले की आधीची उत्तरे पुन्हा तपासावी लागतात, आणि खरी कसोटी तिथे लागते. कंपनीच्या 60 हजारांचा हिशेब असा मांडता येईल. दर ठिकाणाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतील, प्रमाण पाहण्यासारखे आहे. गावांतल्या भेटी आणि संहितेला 7 हजार. कॅमेरा, कॅमेरामन आणि मदतनीस यांचे दिवसाला 8 हजार, दोन दिवसांचे 16 हजार. वेगळे माइक आणि आवाजाची सोय 3 हजार. संकलन, दोन फेऱ्यांच्या दुरुस्तीसह, 12 हजार. निवेदकाचा आवाज आणि पडद्यावरची अक्षरे 3 हजार. प्रवास आणि जेवण 5 हजार. इथवर 46 हजार झाले. बारा गावांत दाखवण्याचे गावामागे 700 प्रमाणे 8,400, आणि उरलेले 5,600 अडीअडचणीसाठी.

या हिशेबात दाखवण्याचा खर्च आधीपासून धरला आहे, हे महत्त्वाचे. बहुतेक अंदाजपत्रके फाइल हातात आली की संपतात. मग व्हिडिओ दाखवायला पैसे नाहीत म्हणून तो गटावर टाकला जातो आणि हेतूचे ते पहिले वाक्य मागे पडते. कुरियन यांनी प्रतींबरोबर माणसे पाठवली, तो खर्चही त्या चित्रपटाच्या कामाचाच भाग होता.

चित्रीकरणाचे दोन दिवस का, हा प्रश्न कुणीतरी विचारीलच. दाणे मांडणे पहिल्या दिवशी आणि कोंब मोजणे सातव्या दिवशी, म्हणून. इथे पैसे वाचवण्याची एक सरळ वाट आहे. त्याच शेतकऱ्याच्या त्याच पोत्यातले दाणे घेऊन एक गुंडाळी सात दिवस आधीच ठेवायला सांगावी. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी नवे दाणे मांडताना दाखवावे आणि दुपारी आधीची गुंडाळी उघडावी. 8 हजार वाचतात. पण निवेदनात तसे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि कोंब जेवढे निघतील तेवढेच मोजून दाखवले पाहिजेत. 63 निघाले तर 63 सांगावेत. उलट तो निकाल अधिक कामाचा, कारण मग बियाण्याचे प्रमाण किती वाढवायचे हा हिशेबही पडद्यावर करून दाखवता येतो. हेक्टरी 75 किलोला 70 ने गुणून 63 ने भागले की 83 किलोच्या थोडे वर येतात. एकरी ते साधारण साडेतेहतीस किलो होते.

पैसे 60 ऐवजी 25 हजारच असते तर? मग चित्रण चांगल्या फोनवर, तिपाईवर ठेवून करावे. डाळिंबी उन्हात नव्हे, तर सकाळच्या सावलीत. ड्रोन, दुसरा कॅमेरा, हलती अक्षरे, नाट्यमय संगीत यांतले काहीच या व्हिडिओला लागत नाही. माइक मात्र काढू नये. अंधुक चित्र लोक सहन करतात. वाऱ्याच्या घोंघावण्यात बोलणे कळेनासे झाले की पाहणे थांबते, आणि गावात उघड्यावर स्पीकर लावल्यावर तो दोष दुप्पट ऐकू येतो. फोनला जोडायचा कॉलर माइक हजार-दोन हजारांत मिळतो. गावातल्या बैठकाही काढू नयेत. बारा शक्य नसतील तर सहा गावे करावीत.

संगीत वापरायचेच असेल तर त्याचे हक्क आधी पाहावेत. सिनेमातले गाणे घातलेला व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तिथली यंत्रणा ते ओळखते, आणि हक्कदार त्यावर जाहिराती लावू शकतो किंवा व्हिडिओ अडवू शकतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहात मोफत वापरता येणारे संगीत मिळते. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती चित्रीकरणाच्या दिवशीच घ्यावी; मागाहून कुणी हरकत घेतली तर एका दृश्यासाठी सगळे संकलन उलगडावे लागते.

दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, हे करारात लिहावे आणि त्या दुरुस्त्या कोण सांगणार हेही. सात संचालकांनी सात वेळा फोन केले की संकलकाचे 12 हजारांचे काम 20 हजारांचे होते आणि एप्रिल उलटून जातो. एकाच माणसाने सगळ्यांचे म्हणणे गोळा करून कागदावर द्यावे. पहिली फेरी संचालकांची नकोच. कच्चे संकलन झाले की ते त्या प्रेक्षकातल्या चार-पाच जणांना, व्हिडिओशी काही संबंध नसलेल्या गावात, एकदा दाखवावे. ‘कसा वाटला?’ असे विचारले तर ‘चांगला आहे’ एवढेच ऐकू येते. त्याऐवजी समोर ओले गोणपाट आणि पसाभर सोयाबीन ठेवावे आणि ‘आता करून दाखवा’ म्हणावे. कुणी टपोरे दाणे वेचू लागले तर ती पायरी व्हिडिओत नीट पोचलेली नाही. कुणी गुंडाळी उन्हात ठेवायला निघाले तर तेही. जिथे हात अडतो तिथे संकलन दुरुस्त करावे.

व्हिडिओ पोचला का, हे किती जणांनी पाहिला यावरून कळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात बारा गावांतल्या प्रत्येकी दहा घरी जाऊन ‘गुंडाळी ठेवली होती का, किती उगवले?’ एवढे विचारले तर 120 उत्तरे मिळतात. ही उत्तरे गोळा करणारा माणूस आणि त्याचा दोन दिवसांचा भत्ता मार्चमध्येच ठरवावा लागतो. तो अडीअडचणीच्या 5,600 मधून निघू शकतो. सगळे मूळ चित्रण आणि संकलनाची फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कंपनीच्या ताब्यात राहील, अशी अटही करारात असावी. पुढच्या वर्षी शिफारस बदलली किंवा ‘कोणता कोंब मोजायचा’ हा भाग लोकांना कळला नसल्याचे दिसले, तर तेवढेच तीस सेकंद नव्याने टिपून जोडता येतात आणि बाकीचा व्हिडिओ पुन्हा मे महिन्यात गावोगाव नेता येतो.